लागू, देय आणि फरक

«आकडे तर तेच राहतात. मग कराराचं मराठी करायला आठवडा कशाला लागतो?»

युनियनच्या कमिटीतली माणसं हे विचारतात, कंपनीच्या एचआरमधली विचारतात, घरचेही विचारतात. आतापर्यंत मी «किचकट काम असतं» एवढंच म्हणत आले. आता एकदाच नीट सांगते.

आकडे तेच राहतात, खरं आहे. पण पगारवाढीच्या करारात नुसता आकडा कामगाराच्या हाती काहीच देत नाही. तो कोणत्या तारखेपासून, हे कळलं तरच त्याचे पैसे होतात. आणि अशा करारात तारीख एक नसते. जुना करार संपतो ती एक. सह्या होतात ती दुसरी, आणि ती बहुधा कित्येक महिन्यांनी येते. नवीन दर पगारपत्रकात चढतात तो महिना तिसरा. मागच्या महिन्यांचा फरक खात्यात जमा होतो तो दिवस चौथा. इंग्रजीत या चारही ठिकाणी थोडे वेगवेगळे शब्द असतात. मराठीत आपल्याकडे दोन शब्द तयार असतात, «लागू» आणि «देय», आणि हात आपोआप त्यांच्याकडेच जातो.

माझाही गेला होता.

करार तीन वर्षांचा, 1 एप्रिलपासूनचा. सह्या झाल्या 14 फेब्रुवारीला. पहिल्या वर्षाची वाढ दरमहा 4,500 रुपये. त्यात बेसिक 2,000 आणि फिक्स डीए 800, म्हणजे 2,800. उरलेले 1,700 भत्त्यांचे: घरभाडे 900, प्रवास 500, धुलाई 300. मूळ तक्त्यात या तीन भत्त्यांपुढे बारीक फुली होती आणि तिचा खुलासा दोन पानं पुढे, एका कलमाच्या पोटात. मी तक्त्याला शीर्षक दिलं, «1 एप्रिलपासून लागू होणारी वाढ». फुल्या जशाच्या तशा ठेवल्या. खुलाशाचं वाक्य असं केलं: «सदर भत्ते सही झाल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून देय राहतील.»

मूळ वाक्याशी शब्द न् शब्द जुळवून पाहा, एकही चुकलेला नाही. पुढचे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते.

मार्चच्या पगाराबरोबर फरक जमा झाला. दुसऱ्याच दिवशी प्रेस शॉपमधले एक दादा माझ्याकडे आले. चार वर्षांत निवृत्त होणारे, शांत स्वभावाचे. त्यांच्या हातात माझ्या अनुवादाची झेरॉक्स होती आणि तिच्या पाठीमागे पेनाने केलेला हिशोब: 4,500 गुणिले 11 महिने, 49,500. एप्रिल ते फेब्रुवारी अकरा महिने, गणित बरोबर होतं. पगाराच्या स्लिपवर मात्र फरक होता 30,800, म्हणजे 2,800 गुणिले 11. त्यातून बारा टक्के पीएफचे 3,696 कापून हातात आले 27,104. पीएफ आपल्याच खात्यात जातो, त्याची त्यांना तक्रार नव्हती. ते विचारत होते मधल्या 18,700 रुपयांबद्दल.

मी फुली दाखवली. ती त्यांनी पाहिली होती. कलमही वाचलं होतं, दोनदा. म्हणाले, «ताई, तुम्हीच वर लिहिलंय, एप्रिलपासून लागू. खाली लिहिलंय, मार्चपासून देय. म्हणजे हक्क एप्रिलपासूनचा आणि पैसे हातात पडायला सुरुवात मार्चपासून. मग मधला फरक मिळायला नको?»

मला उत्तर सुचेना, कारण मराठी म्हणून त्यांचं वाचन माझ्यापेक्षा सरस होतं. लागू म्हणजे हक्क सुरू, देय म्हणजे रक्कम द्यायची वेळ. असा अर्थ कुणीही लावेल. मूळ करारात त्या भत्त्यांचा हक्कच 1 मार्चला सुरू होत होता. त्या माणसाने आपल्या भावाकडून हातउसने घेतलेले पंचेचाळीस हजार याच महिन्यात परत करतो म्हणून त्याला शब्द दिला होता. ते माझ्यावर चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि «बरं» म्हणून गेले.

सह्या इंग्रजी प्रतीवर होतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 18(1) खालचा करार असो की समेट अधिकाऱ्यासमोरचा 12(3) चा, मी काम केलेल्या प्रत्येक करारात शेवटी एक ओळ होतीच: अर्थामध्ये तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. ती ओळ भाषांतरकाराला वाचवते. दादांना तिचा काय उपयोग होता?

त्यानंतर मी पद्धत बदलली. तक्त्याला एकच शीर्षक देत नाही. प्रत्येक ओळीपुढे तिची स्वतःची तारीख लिहिते आणि शेजारी एक रकाना वाढवते: «मागचा फरक मिळेल का?» बेसिकपुढे होय, 11 महिने. घरभाड्यापुढे नाही. «थकबाकी» हा शब्दही टाकून दिला. थकबाकी म्हटलं की कुणीतरी सगळंच थकवलंय असं वाटतं. शॉपमध्ये सगळे फरकच म्हणतात, आणि नव्या दरातून जुना वजा केल्यावर उरतं ते, हा त्याचा अर्थही नेमका आहे. «पूर्वलक्षी प्रभावाने» तर गेट मीटिंगमध्ये वाचून दाखवताना सरचिटणीसच अडखळले होते. «मागील तारखेपासून» पुरतं.

पण या रकान्यानेही प्रश्न मिटला नाही. तो मूळ करारात नाही. एचआरचं म्हणणं, अनुवादात भर घालू नका. कमिटीचं म्हणणं वेगळं: एका तक्त्यात तीनदा «नाही» दिसलं तर मंजुरीच्या सभेत गोंधळ होईल, आम्ही तोंडी समजावू. मी एका करारात तो रकाना काढून वेगळा कागद जोडला, वर ठळक लिहिलं: «केवळ समजण्यासाठी, कराराचा भाग नाही.» महिन्याभरात दोघेजण तोच कागद करार म्हणून एचआरपुढे घेऊन गेले. पूर्वीची मी म्हणाली असती, तुझं काम भाषांतर, खुलासा करणं युनियनचं. तिचं चुकतं असं मला आजही छातीठोक म्हणता येत नाही. करारात धूसर ठेवलेली जागा मी मराठीत स्वच्छ केली, तर दोन्ही बाजूंनी मान्य न केलेला अर्थ मी कामगाराच्या हाती देते. धूसरच ठेवली, तर तो त्यावर हिशोब मांडतो.

म्हणून आता आठवडा जातो तो लिहिण्यात नाही, फोन करण्यात. सध्या हातात आहे त्या करारात एक कलम आहे: फरक दोन हप्त्यांत, पटावर असलेल्या कामगारांना. आधीच्या कुणीतरी याचं «कामावर असलेल्या» केलं होतं, आणि आजारपणाच्या रजेवरच्या एकाने आपल्याला फरक मिळणार नाही असं धरलं होतं. पटावर म्हणजे हजेरीपटावर नाव असलेला, मग तो रजेवर का असेना; तेवढं मी दुरुस्त केलं. पण कोणत्या तारखेला पटावर? सहीच्या दिवशी, की दुसरा हप्ता पडेल त्या दिवशी? मधल्या पाच महिन्यांत सहा जण निवृत्त होतायत. मूळ वाक्यात तारीखच नाही. मी सरचिटणीसांना विचारलं, त्यांनी वकिलांना विचारलंय, वकील कंपनीला विचारतायत. मंगळवारपासून ती ओळ माझ्याकडे कोरी आहे.