तीन वर्षांचा सेल सातव्या दिवशी गेला

मामांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाची भीती असते, म्हणून म्हटलं बागेतली आर्द्रता मोजणारा छोटा नोड करून देऊ. प्रो मिनी बोर्ड, एक ह्युमिडिटी सेन्सर, एनआरएफ२४ रेडिओ आणि सीआर २०३२ सेल, दर मिनिटाला एक रीडिंग शेडमधल्या रिसीव्हरला पाठवायचं. डेटाशीट बघून मांडलेल्या हिशोबात सेल जवळपास तीन वर्षं जायला हवा होता, मी मामांना छातीठोकपणे तसं सांगूनही टाकलं. सातव्या दिवशी मामांचा फोन, "इंजिनेर, तुझं यंत्र झोपलं की रं."

झोपलंच नव्हतं, हाच तर प्रॉब्लेम होता!

मीटर लावला तर दोन रीडिंगच्या मधल्या झोपेत ६ मायक्रोअँपच्या जागी १.४ मिलिअँप. बोर्डावरचा तो इवलासा पॉवर एलईडी चोवीस तास जळत होता, वर रेग्युलेटर थोडं खात होता ते वेगळंच. सेलवर २२० मिलिअँप-अवर म्हणतात, त्याला १.४ ने भागा, १५७ तास येतात, म्हणजे साडेसहा दिवस. हिशोब बरोबरच होता, आकडे चुकीच्या गोष्टीचे घेतले होते. डेटाशीट चिपचं असतं, बोर्डाचं नाही.

एलईडी आणि रेग्युलेटर दोन्ही काढून टाकले तरी २७ मायक्रोअँप दिसत होते. ते व्होल्टेज पडलं की बोर्ड रिसेट करणाऱ्या ब्राउनआउट सर्किटचे निघाले, झोपेत ते बंद केलं:

```
LowPower.powerDown(SLEEP_8S, ADC_OFF, BOD_OFF);
```

मग ६.५ वर आलं. पण हे मोजतानाही दोन तास वाया गेले. साधा मीटर मायक्रोअँप रेंजवर असला की त्याच्या आत बराच मोठा रेझिस्टर असतो, त्यामुळे नोड जागा होऊन १५ मिलिअँप ओढायला गेला की व्होल्टेज पडतं, बोर्ड रिसेट होतो, आणि स्क्रीनवर काहीच्या बाही आकडे नाचतात. उपाय सोपा आहे, मीटरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून ठेवायचा, नोड झोपला की तो काढायचा आणि पुढच्या आठ सेकंदांत आकडा वाचायचा.

जागेपणाचा करंट मात्र मीटरवर कळतच नाही, तो इतका थोडा वेळ असतो. सांगलीत एका मित्राकडे ऑसिलोस्कोप आहे, तिथं सेलच्या लाईनमध्ये १० ओहमचा रेझिस्टर टाकून बघितलं. १५० मिलिव्होल्ट म्हणजे १५ मिलिअँप, ते ठीक, पण मी १० मिलिसेकंद धरलेले आणि रिसीव्हर लांब नेल्यावर दिसले ५०! पोच आली नाही की रेडिओ परत परत पाठवत बसतो. ओल्या पानांच्या मांडवाखाली तर हे होणारच.

आता खरा हिशोब. १५ मिलिअँप गुणिले ५० मिलिसेकंद भागिले ६० सेकंद म्हणजे सरासरी १२.५ मायक्रोअँप. त्यात झोपेचे ६.५ मिळवले की १९, आणि सेल जातो साधारण १६ महिने. आर्द्रता काय मिनिटाला बदलत नाही, म्हणून दहा मिनिटांनी एकदा पाठवायचं ठरवलं. जागेपणाचा वाटा १.२५ वर आला, एकूण ७.७५, आयुष्य सव्वातीन वर्षं. म्हणजे पाठवणं दहापट कमी केलं तरी आयुष्य अडीचपटच वाढलं, कारण आता सगळं झोपच खाते. आणखी वेळ वाढवून फार काही हाताला लागत नाही.

सव्वातीन वर्षं पण मी मामांना सांगितली नाहीत, एकदा तोंडावर पडलोय. २२० चा आकडा अगदी हलक्या, सलग लोडवरचा असतो. सेल जुना होतो तसा त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, ४० ओहम झाला तर १५ मिलिअँपला ०.६ व्होल्ट पडणार, आणि माझ्या बोर्डाचा ब्राउनआउट २.७ वर होता, म्हणजे नुसता मीटर लावला तर सेल २.९ दाखवतो आणि तरी नोड मेलेला. ब्राउनआउट १.८ वर आणला, रेडिओचे रिट्राय तीनवर आणले. पाठवतानाचा झटका झेलायला मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावून बघितला तर त्याची गळतीच झोपेच्या करंटइतकी भरली, काढून टाकला. १६० मिलिअँप-अवर वापरता येतील असं धरलं तर सव्वादोन वर्षांच्या थोडं वर येतं, मामांना म्हटलं दोन वर्षं.

नोड आता पाठवायच्या आधीचं आणि पाठवतानाचं, दोन्ही व्होल्टेज पाठवतो. नुसत्या व्होल्टेजवरून या सेलचं काही कळत नाही, ते शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, पण दोन्हीतला फरक हळूहळू वाढत जातो. आत्ता तो ०.२ आहे, ०.६ झाला की सेल बदलायचा.