बाँड विकला, फायदा २६,९८९ दिसत होता, टॅक्ससाठी निघाला १६,८१७ : माझा अनुभव

मार्च २०२५ मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी बाँड मुदतीआधी विकला आणि त्याचा टॅक्स भरताना जे काही शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण त्या वेळी मला मराठीत याबद्दल नीट असं काही सापडलं नव्हतं. शेअरचं काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं, बाँडमध्ये मात्र विकताना मधल्या दिवसांचं व्याज किमतीला चिकटून येतं आणि सगळा घोळ तिथे होतो.

आधी व्यवहार सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये यील्ड, म्हणजे बाजारभावाला बाँड घेतला तर वर्षाला पडणारा परतावा, चांगलीच वर होती, दहा वर्षांची जी-सेक म्हणजे सरकारी बाँड ७.३८ टक्क्यांच्या आसपास गेली होती. तेव्हा मी ७.१८% जीएस २०३३ घेतला, फेस व्हॅल्यू ५ लाख, भाव ९८.६०. कूपन, म्हणजे बाँडवर ठरलेलं आणि दर सहा महिन्यांनी मिळणारं व्याज, वर्षाला ७.१८ टक्के आणि बाजार मागतोय त्याहून जास्त, म्हणून शंभराचा कागद शंभराच्या खाली मिळत होता. पुढे ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ६.२५ केला, जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात. खरं तर यील्ड त्याआधीपासूनच हळूहळू उतरत होती, मार्चमध्ये ती साडेसहा-पावणेसातच्या मध्ये आली आणि माझा ७.१८ चा कागद लोकांना हवाहवासा झाला. मला फ्लॅटच्या हप्त्यासाठी पैसे लागणार होतेच, १०३.२० ला विकून टाकला. २४ मार्चला खात्यात ५,१९,९८८.८९ रुपये आले.

जुलैमध्ये रिटर्न भरायला बसलो. होल्डिंगच्या स्टेटमेंटवर खरेदीचा भाव ९८.६० दिसत होता, म्हणजे ४,९३,०००. बँकेत आले ५,१९,९८८.८९. वजाबाकी केली, २६,९८८.८९. म्हटलं हा आपला फायदा, बारा महिन्यांच्या वर ठेवलाय म्हणजे लॉंग टर्म, साडेबारा टक्के लावले की संपलं.

पण एक गोष्ट खटकत होती. १०३.२० च्या भावाने ५ लाखांचे ५,१६,००० होतात, मग वरचे ३,९८८.८९ कसले? डील स्लिप काढली तर तिथे वेगळी ओळ, ॲक्रूड इंटरेस्ट. म्हणजे शेवटचं कूपन १४ फेब्रुवारीला मला मिळालं, त्यानंतर २४ मार्चपर्यंत कागद माझ्याकडे होता, त्या दिवसांचं व्याज मला घेणाऱ्याने दिलं. पुढचं कूपन १४ ऑगस्टला सरकार त्याला पूर्ण १७,९५० देणार, त्यातला माझा वाटा त्याने आधीच माझ्या हातावर ठेवला. स्क्रीनवर दिसतो तो भाव व्याजाशिवायचा, क्लीन प्राइस, आणि खरे पैसे जातात-येतात ते व्याजासकट.

हा आकडा मी स्वतः काढून बघितला तर जुळेना. कॅलेंडरवर १४ फेब्रुवारी ते २४ मार्च ३८ दिवस होतात, वर्षाचं व्याज ३५,९००, ते ३६५ ने भागून ३८ ने गुणलं की ३,७३७ येतात. स्लिपवर ३,९८८. अडीचशे रुपये जास्त कसे काय! अर्धा दिवस यात गेला. मग कळलं की मुदतीच्या सरकारी रोख्यांमध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० चं धरतात, फेब्रुवारी असला तरी. त्या हिशोबाने १४ फेब्रुवारी ते २४ मार्च बरोबर ४० दिवस, ३५,९०० गुणिले ४० भागिले ३६०, ३,९८८.८९. पैशाला पैसा जुळला. तुमचा आकडा जुळत नसेल तर आधी हे बघा.

आता हेच उलट बाजूने. मी जेव्हा घेतला होता तेव्हा मीही कुणालातरी असंच व्याज दिलं असणार. जुनी स्लिप शोधली, १६ ऑक्टोबर २०२३ ची. १४ ऑगस्टपासून ६२ दिवस, ६,१८२.७८ रुपये. खात्यातून तेव्हा ४,९३,००० नाही तर ४,९९,१८२.७८ गेले होते. म्हणजे माझी चूक अशी की विक्री व्याजासकट धरली आणि खरेदी व्याजाशिवाय. भावातला खरा फरक, दर उतरल्यामुळे आणि भाव शंभराकडे सरकल्यामुळे मिळालेला, तो ५,१६,००० वजा ४,९३,००० म्हणजे २३,००० होता.

मला वाटलं आता झालं, २३,००० गेन दाखवायचा. तरी आमच्या ओळखीच्या सीए मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये फेब्रुवारी २०२४ चं कूपन किती दाखवलंत?"

मी म्हटलं, "पूर्ण. १७,९५०."

"त्यातून दिलेले ६,१८२ वजा नाही केलेत ना?"

"नाही मॅडम, मला माहीतच नव्हतं."

"मग बरं झालं, आता ते खरेदीच्या किमतीत धरा."

त्याचं कारण त्यांनी समजावलं. विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्वीच सांगितलं की खरेदी करताना दिलेलं मधल्या दिवसांचं व्याज हा भांडवली खर्च आहे, कूपनच्या व्याजातून तो वजा होत नाही. बँकांचं पुढे वेगळं झालं, त्यांचे रोखे धंद्याचा माल असतात म्हणून सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना वजावट मान्य केली. पण माझ्यासारखा माणूस गुंतवणूक म्हणून बाँड ठेवतो, त्याने विजया बँकेच्या रस्त्याने जाणं सेफ. पहिलं कूपन पूर्ण उत्पन्नात आणि दिलेलं व्याज कॉस्टमध्ये. यात थोडं नुकसान आहे हे खरं, कारण मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, तेच ६,१८२ व्याजातून वजा झाले असते तर तीस टक्के वाचले असते, गेनमधून वजा झाले तर साडेबाराच वाचतात. सेस सोडून साधारण १,०८२ रुपयांचा फरक. पण सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हीकडे वजा करणं, कूपनमधूनही आणि गेनमधूनही. मॅडम म्हणाल्या लोक हे नकळत करतात, एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरं, आणि नोटीस आली की उत्तर नसतं. म्हणून तो पहिला प्रश्न.

राहिले विक्रीचे ३,९८८. इथे दोन मतं आहेत. एक मत असं की रोख्यांचं व्याज रोज रोज जमा होत नाही, कूपनच्या तारखेलाच होतं, त्या तारखेला मी मालक नव्हतो, म्हणजे ते विक्रीच्या किमतीचा भाग, साडेबारा टक्के. दुसरं, ते उघड उघड व्याज आहे, स्लॅबने. मॅडमनी इथे १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ९४ दाखवलं. समजा मी १० ऑगस्टला विकलं असतं, कूपनच्या चार दिवस आधी. एप्रिलपासून एकही कूपन हातात नाही, तरी सव्वाचार महिन्यांचं व्याज भावात घालून घेतलं आणि त्याला गेन म्हटलं. असं करून स्लॅबचा टॅक्स टाळू नये म्हणूनच ते कलम आहे, तिथे आयकर खातं रोजच्या हिशोबाने व्याज मोजून उत्पन्नात धरू शकतं. अपवाद आहेत, टॅक्स टाळलाच नाही किंवा ही नेहमीची सवय नाही हे तुम्ही सिद्ध केलं तर, पण सिद्ध करायचं तुम्हालाच. माझ्या केसमध्ये ऑगस्ट आणि फेब्रुवारी अशी दोन्ही कूपनं त्या वर्षात मला मिळाली होती, ३५,९००, आणि रोजच्या हिशोबाने १ एप्रिलपासून विक्रीपर्यंत त्याहून थोडं कमीच बसतं, म्हणजे कलम लागलंच नसतं. तरी मी ते व्याजातच दाखवलं. सातशे रुपयांचा प्रश्न होता आणि मला स्वतःला ते व्याजच वाटतं.

शेवटी आकडे असे बसले. विक्री ५,१६,०००, खरेदी ४,९९,१८२.७८, लॉंग टर्म गेन १६,८१७.२२, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे २,१०२. व्याज ३५,९०० अधिक ३,९८८.८९ म्हणजे ३९,८८८.८९, स्लॅबने ११,९६७. वर सेस. २३ जुलै २०२४ च्या आधीच्या विक्रीत लिस्टेड बाँडच्या लॉंग टर्म गेनला दहा टक्के होते, इंडेक्सेशन तेव्हाही नव्हतं. शेअरवरची सव्वा लाखाची सूट बाँडच्या गेनला लागत नाही, मी ती गृहीत धरून बसलो होतो. आणि त्यामुळेच आयटीआर-१ सुद्धा चालत नाही, त्या वर्षी त्यात छोटा लॉंग टर्म गेन दाखवायची सोय आली होती पण ती फक्त शेअर आणि इक्विटी फंडवाल्या गेनसाठी, मला आयटीआर-२ भरावा लागला. सरकारी बाँडच्या कूपनवर टीडीएस कापला गेला नव्हता, म्हणून फॉर्मात आपोआप काही येईल या भरवशावर राहू नका, बँक स्टेटमेंटवरून कूपनं स्वतः उचला.

दर वर जातात तेव्हा व्याज आणि भाव वेगळे धरण्याचा हाच नियम किती बोचतो ते माझ्या ऑफिसमधल्या एकाने भोगलंय. त्याने २०२१ च्या शेवटी ६.१०% जीएस २०३१ घेतला, २ लाखांचा, अठ्ठ्याण्णवच्या आसपास. मे-जून २०२२ मध्ये रेपो ४ वरून ४.९० झाला, यील्ड साडेसातला पोचली आणि कागद ९१ वर. घाबरून विकला, चौदा हजार गेले. त्याला वाटत होतं हा तोटा बाँडच्याच व्याजातून वजा होईल. होत नाही. व्याजावर स्लॅबने टॅक्स भरायचाच, भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातून वळता होतो, आठ वर्षं पुढे नेता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरला असेल तरच. त्याने रिटर्न उशिरा भरला होता, म्हणजे तेही गेलं. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण एक तारीख पाळली असती तर तो तोटा पुढे कामी आला असता.

आणि आता घेणारे लोक कूपन बघून भुलतात म्हणून हेही सांगतो. माझा कागद ज्याने १०३.२० ला घेतला त्याने २०३३ पर्यंत ठेवला तर त्याला शंभरच मिळणार, तीन रुपये वीस पैसे भांडवली तोटा. मधल्या काळात ७.१८ च्या ७.१८ वर स्लॅबने टॅक्स. मी ९८.६० ला घेतला होता तेव्हा उलट होतं, कमाईचा थोडा भाग साडेबारा टक्क्यांत बसत होता. म्हणून तीस टक्केवाल्याने दोन बाँडची यील्ड सारखी दिसली तरी शंभराच्या खालचा कोणता आणि वरचा कोणता ते बघून घ्यावं, टॅक्सनंतर हातात सारखं येत नाही.

नवीन बाँड घेतला तेव्हा मी स्लिप त्याच दिवशी सेव्ह केली आणि शीटमध्ये क्लीन किंमत आणि दिलेलं व्याज असे दोन वेगळे कॉलम केले, शेजारी तिसरा, हे व्याज कॉस्टमध्ये धरायचंय, कूपनमधून वजा केलेलं नाही.