ओल्या मातीत सुकणारा मोगरा

आमच्या झाडांच्या दवाखान्यात येणारे निरोप बहुतेक वेळा 'झाड मरतंय, काय करू?' एवढेच असतात. बाल्कनीत बाग करणाऱ्या एका ताईंनी मात्र प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहिलं होतं, शिवाय मोगऱ्याची सगळी हकिकतही.

"पहिल्या फोटोत पूर्ण झाड, पानं मान टाकलेली. दुसऱ्यात खालची पिवळी पानं आणि न उमलता गळलेल्या कळ्या. तिसऱ्यात माती. दीड महिन्यापूर्वी ६ इंची कुंडीतून १४ इंचीत हलवला. फरशीवर पाणी सांडू नये म्हणून ती कुंडी शोभेच्या कुंडीत ठेवली आहे. पानं पिवळी पडली म्हणून खत दिलं, सुकायला लागली म्हणून रोज दोनदा पाणी घालते."

माझी नजर तिसऱ्या फोटोवर थांबली. माती काळपट, ओली आणि वरून हिरवट शेवाळलेली. माती कोरडी असून पानं सुकली असती तर पाणी घातल्यावर झाड सावरलं असतं. माती ओली आणि पानं लोंबलेली, म्हणजे बहुधा मुळंच पाणी ओढत नाहीत.

मी दोन गोष्टी विचारल्या: शोभेच्या कुंडीला तळाला भोक आहे का, आणि झाड उपसून मुळांचा फोटो पाठवाल का? भोक नव्हतं, तळाशी चार बोटं पाणी साचलेलं होतं, वासही येत होता. मुळं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढली की साल निघून आत नुसता दोरा उरत होता. मुळं सडल्याची ही अगदी ठळक खूण.

दोष मोठ्या कुंडीचाही होता. एवढ्याशा मुळांना तेवढ्या मातीतलं पाणी संपवता येत नाही. माती ओलीच राहते, आत हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात आणि मग बुरशीला वाव मिळतो. अशा मुळांवर खत म्हणजे आणखी ताण.

सडलेली मुळं धुतलेल्या कात्रीने पांढऱ्या, घट्ट भागापर्यंत कापायला सांगितली. वरच्या फांद्याही तेवढ्याच बेताने छाटायच्या, कारण उरलेल्या मुळांना सगळा पाला पोसता येणार नाही. मग उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशी भोकाची कुंडी, कोकोपीट आणि परलाइट मिसळलेली भुसभुशीत माती, आणि नवे फुटवे येईपर्यंत कडक उन्हाऐवजी उजेडाची सावली. पाणी वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच. खत अजिबात नाही.

"बुरशीनाशक टाकू का?" त्यांनी विचारलं. नेमकी कुठली बुरशी, की नुसतं पाण्यात गुदमरणं, हे फोटोवरून कळत नाही, त्यामुळे औषधाचं नाव मी दिलं नाही. त्याऐवजी फांद्यांची साल नखाने खरवडून बघायला सांगितली. बहुतेक आतून तपकिरी निघाल्या, दोन हिरव्या. त्यांतल्या एकीच्या वितीपेक्षा थोड्या लहान काड्या त्याच दिवशी वेगळ्या लावून ठेवायला सांगितल्या, मूळ झाड जगेल याची खात्री मला नव्हतीच.