निम्मा, चौपट की दुप्पट?

मुंबईत फोर्टमधल्या एका विमा कंपनीत मी ॲक्च्युअरीच्या, म्हणजे जोखमीचं गणित मांडणाऱ्यांच्या, टीममध्ये काम करते. पावसाळ्याच्या तोंडावर एका बैठकीत एकच प्रश्न होता: किती पैसे बाजूला ठेवायचे? त्यावर दोन अनुभवी माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही चुकीची होती. आकडे इथे गोल केले आहेत, गणित जसंच्या तसं आहे.

पॉलिसी छोट्या दुकानदारांसाठी होती. आग, चोरी किंवा पाणी शिरून नुकसान झालं, तर ठरलेले 50,000 रुपये. वर्षाला शंभरातली दोन दुकानं क्लेम करतात, असं धरलेलं. म्हणजे एका पॉलिसीमागे सरासरी खर्च 1000 रुपये. 10,000 दुकानं होती, तेव्हा वर्षाचा अपेक्षित खर्च 1 कोटी. त्यावर 14 लाखांचा राखीव निधी ठेवलेला होता, वर्ष वाईट गेलं तर हाताशी असावा म्हणून. आता एका व्यापारी संघटनेमार्फत आणखी 30,000 दुकानं येणार होती. एकूण 40,000, अपेक्षित खर्च 4 कोटी. राखीव निधी किती?

सेल्सचे प्रमुख म्हणाले, "लॉ ऑफ लार्ज नंबर्स आहे ना! पॉलिसी वाढल्या की चढउतार कमी होतात. 14 चे 7 लाख केले तरी चालतील." फायनान्सच्या मॅडमना ते पटेना. त्या म्हणाल्या, "धंदा चौपट तर निधी चौपट. 56 लाख ठेवा." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी आधी विचारलं, "सर, कसला चढउतार कमी होतो म्हणता?" सगळी गोम तिथेच होती. हा नियम सरासरीबद्दल बोलतो. पॉलिसी एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येकीचा अपेक्षित खर्च तोच असेल, तर संख्या वाढत गेल्यावर प्रत्यक्ष सरासरी त्या अपेक्षित 1000 रुपयांकडे जाते. तुम्ही कितीही बारीक फरक ठरवा, सरासरी त्याबाहेर पडण्याची शक्यता शून्याकडे जाते. इतकंच. एकूण खर्च अपेक्षेच्या जवळ येतो, असं तो कुठेही म्हणत नाही. आणि चेक फाडायचा असतो तो एकूण खर्चाचा.

फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. पहिला: दर पॉलिसीमागचा खर्च 1000 च्या 50 रुपये आतबाहेर राहण्याची शक्यता किती? दुसरा: एकूण खर्च अपेक्षेच्या 5 लाख आतबाहेर राहण्याची शक्यता किती? पॉलिसी 10,000 असताना हे दोन्ही एकच प्रश्न आहेत, कारण 50 गुणिले 10,000 म्हणजे 5 लाख. उत्तर निम्म्याच्या थोडं वर. पॉलिसी 40,000 झाल्या की पहिलं उत्तर 85 टक्क्यांपर्यंत चढतं आणि दुसरं तीस टक्क्यांच्या खाली उतरतं. 10 लाख पॉलिसी घेतल्या, तर पहिलं जवळजवळ शंभर टक्के आणि दुसरं जेमतेम 6 टक्के. सरासरी घट्ट होत जाते आणि बेरीज सैल. एकाच वेळी, त्याच दुकानांवर.

सर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, बेरीज सैल होते. पण किती?" हा प्रश्न फार योग्य होता, कारण लॉ ऑफ लार्ज नंबर्स इथे गप्प बसतो. त्याला फक्त सरासरी मर्यादित असणं पुरतं. चढउतार इतके रानटी असतील की त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे खर्च सरासरीपासून किती दूर पसरतो याचं माप, मोजताच येत नाही, तरीही तो लागू पडतो, मात्र तिथे सरासरी फार सावकाश स्थिरावते. इतक्या वेगवेगळ्या परिस्थितींत जो खरा राहतो, तो वेगाबद्दल एकच आकडा देऊ शकत नाही.

"किती" याचं उत्तर सेंट्रल लिमिट थिअरमकडे आहे. त्यासाठी तो जास्त मागतो: प्रमाण विचलनही मर्यादित हवं. मग तो सांगतो की अपेक्षेपासूनचा फरक पॉलिसींच्या संख्येच्या वर्गमुळाने मोजा. त्या मापात मोजलेल्या फरकाचं वितरण घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्ररेषेकडे जातं. आमच्या एका पॉलिसीचं प्रमाण विचलन 50,000 गुणिले √(0.02 × 0.98), म्हणजे 7000 रुपये. 10,000 चं वर्गमूळ 100, म्हणून एकूण खर्चाचं विचलन 7 लाख. जुना 14 लाखांचा निधी म्हणजे त्याची दुप्पट होती, आणि ती ओलांडली जाण्याची शक्यता साधारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदा. 40,000 चं वर्गमूळ 200. विचलन 14 लाख. तितकीच सुरक्षितता हवी असेल तर निधी 28 लाख.

निम्मा नाही, चौपट नाही, दुप्पट. सरांचे 7 लाख ठेवले असते, तर जवळजवळ दर तीन वर्षांतून एकदा कमी पडले असते. मॅडमचे 56 लाख म्हणजे विचलनाच्या चौपट, इतक्या दुर्मीळ वर्षासाठी पैसा अडकवून ठेवणं. सरांचं म्हणणं एका जागी खरं होतं: निधी दर पॉलिसीमागे 140 वरून 70 रुपयांवर येतो. निम्मं होतं ते हे.

आमच्या टीममधल्या नव्या मुलाने तिथेच लॅपटॉपवर हे चालवून दाखवलं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
for n in (10_000, 40_000, 1_000_000):
    total = rng.binomial(n, 0.02, size=100_000) * 50_000
    print(n, total.std(), (total / n).std())
```

दुसऱ्या रकान्यात साधारण 7 लाख, 14 लाख, 70 लाख. तिसऱ्यात 70, 35, 7 रुपये. मग तो उत्साहाने म्हणाला, "ताई, म्हणजे 40,000 दुकानांचा डेटा आता नॉर्मल झाला!" मी त्याला थांबवलं, कारण हा गैरसमज पुढे महागात पडतो. एका दुकानाचा खर्च शून्य किंवा 50,000, आज आणि उद्याही. एक कोटी दुकानं घेतली तरी त्या आलेखात दोनच खांब दिसतील. नॉर्मल होते ती बेरीज, आणि तीही हळूहळू. फक्त 100 दुकानांची एक गल्ली घ्या: अपेक्षित क्लेम 2. सहा किंवा जास्त क्लेम येण्याची शक्यता नॉर्मलने काढली तर हजारात 6, थेट द्विपदी सूत्राने काढली तर हजारात 15. क्वचित घडणाऱ्या गोष्टींमध्ये घंटेची उजवी कड अशी फसवते, आणि विमा तर त्या उजव्या कडेसाठीच असतो.

लॉ ऑफ लार्ज नंबर्स आणि सेंट्रल लिमिट थिअरम या दोन विधानांमधलं अंतर फार जुनं आहे. गणितज्ञ जेकब बर्नुलीच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये छापलेल्या ग्रंथात लॉ ऑफ लार्ज नंबर्सची पहिली सिद्धता आहे. त्यात त्याने एक उदाहरण सोडवलं: खरं प्रमाण पाचात तीन असेल, तर निरीक्षणातलं प्रमाण त्याच्या 1/50 आतबाहेर राहील याची हजारास एक इतकी खात्री हवी असल्यास किती प्रयोग लागतील? त्याचं सुरक्षित उत्तर आलं 25,550. 1733 मध्ये डी मॉयव्रने नाण्याच्या फेकींसाठी घंटेची वक्ररेषा शोधली. त्या वाटेने तोच प्रश्न सोडवला तर 6,500 च्या आसपास प्रयोग पुरतात. एकाला "जवळ येतंच" हे सिद्ध करायचं होतं, दुसऱ्याकडे "किती जवळ" याचं माप होतं.

बैठक इथे संपली असती, पण मला नव्या दुकानांची यादी बघायची होती. पत्ते वाचले: कुर्ला, सायन, हिंदमाता. मुंबईत राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा पाण्याने एक दुकान निवडून घेतलं नाही, वस्त्याच्या वस्त्या घेतल्या. दोन्ही नियमांच्या मी वर वापरलेल्या रूपात एक अट असते: पॉलिसी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एका गल्लीत पाणी शिरलं की ही अटच उरत नाही.

ते किती बिघडतं, हे एका साध्या नमुन्यावर दाखवलं. समजा निम्मी वर्षं कोरडी, त्यात क्लेमचं प्रमाण 1 टक्का. निम्मी पुराची, त्यात 3 टक्के. एकेक पॉलिसी वेगळी तपासली तर काहीच बदललेलं नाही: प्रमाण 2 टक्के, विचलन 7000. पण वर्षाची सरासरी आता 1000 कडे जात नाही. कोरड्या वर्षी ती 500 कडे जाते, पुराच्या वर्षी 1500 कडे, आणि पॉलिसी कितीही वाढवल्या तरी ती दरी भरत नाही. 40,000 दुकानांवर पुराच्या वर्षी खर्च 6 कोटी, म्हणजे अपेक्षेपेक्षा 2 कोटी जास्त. तिथे 28 लाख काय करणार? एकूण खर्चाचा आलेखही घंटेसारखा राहत नाही, त्याला दोन उंचवटे येतात.

मॅडमनी विचारलं, "पण आपल्या डेटात हे दिसणार कसं?" एकेक पॉलिसी बघून दिसणार नाही. वर्षनिहाय एकूण क्लेम बघायचे: 10,000 स्वतंत्र दुकानं असतील तर 200 च्या आसपास साधारण 14 इतका चढउतार हवा, तो शंभराच्या घरात असेल तर काहीतरी सामायिक कारण आहे. हाताशी वर्षं थोडी असतील तर क्लेमच्या तारखा आणि पिनकोड बघायचे. आमच्या जुन्या यादीत आगीचे आणि चोरीचे क्लेम वर्षभर विखुरलेले होते. पाण्याचे क्लेम मात्र पावसाळ्यातल्या मोजक्या तारखांवर आणि चार-पाच पिनकोडवर दाटलेले.

शेवटी प्रस्ताव दोन भागांत लिहिला. आग आणि चोरीचे क्लेम बऱ्यापैकी स्वतंत्र, त्यांचा निधी त्यांच्या विचलनावरून, वर्गमुळाच्या हिशोबाने. पाण्याचा भाग वेगळा काढून त्यावर पुनर्विमा घ्यायचा, वर्षाचा एकूण खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की वरचा भार पुनर्विमा कंपनीचा. तिला हे झेपतं, कारण तिच्याकडे मुंबईच्या पावसाशेजारी दुसऱ्या देशांतले भूकंप आणि वादळंही असतात, आणि ती एकाच वर्षी एकत्र यावीत असं काही कारण नसतं. सेल्सच्या सरांनी त्या भागाचा प्रीमियम वाढणार म्हणून हरकत घेतली, ती नोंदवून प्रस्ताव पुढे पाठवला.