ग्राहक बदलला की बाकी नव्याने सुरू: उधारीच्या यादीचा माझा अनुभव

घाऊक किराणा दुकानाची वर्षभराची उधारी एक्सेलच्या एकाच लांब यादीत होती. प्रत्येक नोंदीसमोर त्या ग्राहकाची त्या क्षणाची बाकी हवी होती, आणि पुढचा ग्राहक आला की हिशेब नव्याने सुरू व्हायला हवा होता. A मध्ये ग्राहकाचा कोड, B तारीख, C नोंद क्रमांक, D नावे, E जमा आणि F बाकी असे रकाने ठेवले. मथळा पहिल्या ओळीत, म्हणून F2 मध्ये हे सूत्र लिहून शेवटपर्यंत खाली ओढले:

```
=IF(A2=A1,F1,0)+D2-E2
```

वरच्या ओळीत तोच ग्राहक असेल तर तिथली बाकी उचलायची, नसेल तर शून्य धरायचे, मग नावे मिळवायचे आणि जमा वजा करायची. G101 चे २ एप्रिलला ५,००० नावे, ९ ला ३,००० जमा, २० ला १,२०० नावे असतील, तर बाकी ५,०००, २,०००, ३,२०० अशी उतरते. त्याखाली G102 चे ८०० नावे आले की बाकी ८०० दिसते, ४,००० नाही.

हे सूत्र फक्त वरची ओळ बघते, त्यामुळे सगळी भिस्त क्रमावर आहे. आधी ग्राहक, मग तारीख, मग नोंद क्रमांक अशा तीन पायऱ्यांनी यादी लावावी लागते. नोंद क्रमांक नसेल तर एकाच दिवशीची विक्री आणि वसुली कशीही मागेपुढे होते. नुसत्या तारखेने यादी लावली तर जवळजवळ प्रत्येक ओळीवर ग्राहक बदलतो आणि बाकी तिथेच तुटते.

तारखांनी बराच वेळ खाल्ला. दुसरीकडून उतरवलेल्या काही तारखा खऱ्या तारखा नसून मजकूर होत्या. चढत्या क्रमात मजकूर खऱ्या तारखांच्या खाली जातो, म्हणून एप्रिलची विक्री त्या ग्राहकाच्या मार्चच्या वसुलीनंतर बसली. अशा वेळी शेवटची बाकी बरोबरच येते, कारण बेरीज क्रमावर अवलंबून नसते. चुकतात त्या मधल्या बाक्या. ज्या ग्राहकाने कधी आगाऊ रक्कम दिलेली नाही, त्याची बाकी मध्येच उणे दिसली की मी आधी तारखा तपासते. रकान्याला कुठलीही मांडणी दिलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो.

पडताळणीसाठी G2 मध्ये प्रत्येक ग्राहकाची फक्त अखेरची बाकी आणली:

```
=IF(A2<>A3,F2,"")
```

G ची बेरीज ही D च्या बेरजेतून E ची बेरीज वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याइतकीच हवी. एखादी रक्कम मजकूर म्हणून बसली असेल तर इथे फरक निघतो: अधिक चिन्हाने जोडताना एक्सेल "1200" या मजकुराचा आकडा करून घेते, SUM मात्र ते घर सोडून देते.

पण कोडमागे चिकटलेली मोकळी जागा ही पडताळणी पकडत नाही. वरच्या उदाहरणात ३,००० जमेच्या ओळीत "G101 " असे पडले, तर ती ओळ खऱ्या G101 च्या खाली वेगळा गट बनवते. G101 ची बाकी ६,२०० दिसते, त्याखाली उणे ३,०००. एकूण तरीही ३,२००, म्हणून ताळा जुळतो आणि ग्राहकाला मात्र ६,२०० चा तगादा जातो! म्हणून G मध्ये किती आकडे आले ते COUNT ने मोजून ग्राहकांच्या मूळ यादीशी ताडून पाहते. जास्त निघाले तर बाजूच्या रकान्यात कोड साफ करते, ते फक्त मूल्ये म्हणून A मध्ये चिकटवते आणि यादी पुन्हा लावते:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

नुसते TRIM पुरत नाही, कारण वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा ते काढत नाही. मराठी नावांवर गट पाडणे तर टाळावेच. "गोऱ्हे" मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण आतली अक्षरे वेगळी असतात. LEN ने मोजल्यास ते कळते.

मधली ओळ काढून टाकली तर खालच्या ओळीत #REF! येते, ते निदान दिसते तरी. मध्ये ओळ घातली तर खालचे सूत्र जुन्याच वरच्या ओळीला धरून राहते आणि नवी नोंद गुपचूप वगळली जाते. त्यामुळे कुठलाही बदल झाला की F2 आणि G2 पासून दोन्ही सूत्रे पुन्हा खाली ओढायची.

यादी तारखेनेच ठेवायची असेल तर हे सूत्र चालते:

```
=SUMIFS(D$2:D2,A$2:A2,A2)-SUMIFS(E$2:E2,A$2:A2,A2)
```

त्याला ग्राहक एकत्र असण्याची गरज नाही. पण प्रत्येक ओळ वरच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासते. २०,००० ओळींना एका SUMIFS मागे सुमारे २० कोटी तुलना होतात आणि फाइल जड होते. शिवाय मजकूर म्हणून बसलेल्या रकमा SUMIFS धरत नाही आणि "007" व "7" हे कोड ते एकच मानते, त्यामुळे दोन्ही सूत्रांची उत्तरे वेगळी आली की मी सर्वांत आधी याच दोन गोष्टी बघते.