जन्मदाखल्यात मुलीचं नाव घालताना: माझा अनुभव

"वर्ष उलटून गेलंय ताई, आता प्रांतांचा आदेश लागेल." या एका वाक्यापायी माझे सव्वा दोन महिने गेले, आणि हे वाक्य माझ्या कामाला लागूच नव्हतं. दाखल्यातला नावाचा रकाना कोरा असलेलं लेकरू तुमच्याही घरात असेल तर निदान तुमचा हेलपाटा वाचावा, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

माझं सासर देवगड तालुक्यात. बाळंतपणाला माहेरी गेले, मुलगी तिथल्या शहरातल्या दवाखान्यात झाली. जन्म 3 फेब्रुवारी 2024 चा, नोंदणी 12 फेब्रुवारीची. दवाखान्याने अर्ज भरला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. चुलत सासऱ्यांचं सुतक आलं आणि बारसं पुढे गेलं. नाव मीरा ठेवलं, पण ते दाखल्यात घालायचं राहून गेलं. पावणेदोन वर्षांनी आधार काढायला गेलो, तेव्हा दाखल्यावर नावाच्या जागी काहीच नाही हे पहिल्यांदा नीट पाहिलं.

आमच्या ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवकांनी पाच मिनिटांत सांगितलं की जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद असते आणि नावही तिथेच घातलं जातं. तुम्ही राहता कुठे, याने फरक पडत नाही. म्हणजे माहेरचं गाव, दोन एसट्या बदलून.

तिथल्या खिडकीवर मी पहिला अर्ज दिला. चूक माझ्याकडूनही झाली. विषयात मी लिहिलं होतं, 'जन्म दाखल्यात नाव दुरुस्ती करून मिळणेबाबत'. दुरुस्ती हा शब्द पाहताच लिपिकाने प्रतिज्ञापत्र मागितलं. मी करून आणलं. पुढच्या खेपेला त्यांनी तारखा पाहिल्या आणि ते प्रांतांचं वाक्य आलं.

मी प्रांत कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागद पाहून विचारलं, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला कुठे आहे? तो मागायला मी परत पहिल्या खिडकीवर. तिथे उत्तर मिळालं, "नोंद आहे ना तुमची, मग नसल्याचा दाखला कसा देणार?" हे अगदी खरं होतं, पण मग मला प्रांतांकडे पाठवलंच कशाला, याचं उत्तर कोणी देईना. असे तीन हेलपाटे झाले. प्रत्येक वेळी पोरीला सासूबाईंकडे ठेवून पहाटेची गाडी. संध्याकाळी परतले की सासूबाई दारातच विचारायच्या, "परत हेलपाटोच झालो काय गो?"

गुंता कुठे होता ते मला एका निवृत्त ग्रामसेवक काकांनी समजावलं. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. त्यात एक वर्षाच्या मुदतीची गोष्ट दोन ठिकाणी येते आणि खिडकीवर दोन्हींची सरमिसळ होते. कलम 13 आहे उशिरा नोंदणीचं. मुलाचा जन्मच वर्षभरात कुठे नोंदवला गेला नसेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि त्यासाठीच आधी नोंद नसल्याचा दाखला मागतात. आमची नोंद नवव्या दिवशीच झाली होती, तिला क्रमांक होता. राहिलं होतं फक्त नाव. त्याला कलम 14. नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांत नाव कळवलं तर शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून निबंधकच नाव घालतो. प्रांतही नाहीत आणि कोर्टही नाही. मुदत मोजायची ती नोंदणीच्या तारखेपासून, जन्माच्या नव्हे. वर्षाच्या काठावर असाल तर तेवढ्या आठवड्याने शुल्क वाचतं.

आणि दुरुस्ती म्हणजे कलम 15, लिहिलेलं चुकलं असेल तर. कोऱ्या रकान्यात चुकायला काही नसतंच. म्हणून अर्जात 'दुरुस्ती' किंवा 'बदल' हे शब्द चुकूनही लिहू नका, 'नाव समाविष्ट करणे' असंच लिहा. काकांच्या पडवीत बसून मी दुसरा अर्ज लिहिला, तो असा:

प्रति,
मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी
विषय: जन्मनोंदीत बालकाचे नाव समाविष्ट करणेबाबत (कलम 14, जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969)
महोदय,
आमच्या मुलीचा जन्म दि. 3/2/2024 रोजी आपल्या हद्दीत झाला असून त्याची नोंद दि. 12/2/2024 रोजी झालेली आहे. नोंदणी क्रमांक सोबतच्या दाखल्यावर आहे. नोंदणीच्या वेळी नाव ठरलेले नसल्याने नावाचा रकाना कोरा आहे. जन्माची नोंद पूर्वीच झालेली असल्याने हा उशिरा नोंदणीचा अर्ज नाही, तसेच नोंदीतील कोणत्याही मजकुरात बदल मागितलेला नाही. मुलीचे नाव 'मीरा' असे ठेवले आहे. ते नोंदीत समाविष्ट करून नावासह दाखला मिळावा. नियमाप्रमाणे विलंब शुल्क भरण्यास आम्ही तयार आहोत. अर्ज नामंजूर होत असल्यास कारण लेखी कळवावे.

खाली आम्हा दोघांच्या सह्या. कायद्याने आई किंवा वडील कोणीही एक चालतं, पण दोघांच्या असल्या की नावावरून पुढे प्रश्न निघत नाही. सोबत कोऱ्या नावाच्या दाखल्याची प्रत, दोघांची आधारकार्डं आणि लसीकरणाचं कार्ड.

या वेळी मी अर्ज खिडकीवर न देता आवक विभागात दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आधीच्या तीन खेपांचा माझ्याकडे एकही कागद नव्हता, सगळं तोंडीच चाललं होतं. 'कारण लेखी कळवावे' या ओळीमुळे अर्ज त्याच दिवशी निबंधकांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो वाचला, रजिस्टर मागवलं आणि लिपिकाला एवढंच म्हणाले, "ही चौदाची केस आहे, तेरा कशाला लावताय?" मला तिथेच रडू आलं. शुल्क किरकोळच होतं, त्याची पावती मिळाली.

एक सांगायचं राहिलं. इंग्रजी स्पेलिंग घरूनच ठरवून, मोठ्या अक्षरांत लिहून न्या. मीरामध्ये डबल ई की आय, हे आम्ही खिडकीसमोर उभं राहून ठरवत होतो. नाव एकदा नोंदीत गेलं की पुढचं प्रत्येक अक्षर खरोखरच दुरुस्ती ठरतं, आणि मग प्रतिज्ञापत्र टळत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशाला आणि पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा आईवडिलांची नावंही आधारशी ताडून पाहा.

नवा दाखला चार दिवसांनी मिळाला. हातात आल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुन्या दाखल्याशी जुळवून घ्या. दोन्ही तीच असली पाहिजेत. तारीख आजची दिसली, तर नाव जुन्या नोंदीत न घालता नवीच नोंद केली गेली आहे असं समजा आणि तिथेच थांबवा. माझ्या दाखल्यावर 12 फेब्रुवारी 2024 हीच तारीख होती, आणि वरच्या रकान्यात मीरा.