एकूणच्या ओळीत अडकलेली जाहिरात

'रीच गुणिले फ्रिक्वेन्सी बरोबर जीआरपी जुळत नाही. दुरुस्त करून पाठवावे.'

आमच्या जाहिरातीच्या प्लॅनवर कूलर कंपनीच्या विभागीय कार्यालयाचा आलेला हा मेल मला पाठ झालाय. खाली ना नाव, ना फोन. कुठली ओळ, कुठला आकडा, काही नाही.

आमचं जळगावात कूलर आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. इकडे होळी झाली की ऊन तापायला लागतं आणि कूलरचं गिऱ्हाईक मे उजाडायची वाट बघत नाही. म्हणून जाहिरात मार्चमध्येच सुरू व्हायला हवी. कंपनीची योजना अशी, की जाहिरातीचा प्लॅन आधी मंजूर करून घेतला तर निम्मा खर्च कंपनी देते. निम्मे म्हणजे आमच्या हिशेबाने ९०,००० रुपये. ते कोण सोडेल?

प्लॅन ठरायला वेळ लागला नाही. लोकल केबल, एफएम आणि पेपर. जळगाव, धुळे आणि भुसावळ या तीन शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून सव्वादहा लाखांच्या आसपास होती. त्यातले खरेदीत ज्यांचा शब्द चालतो असे वयाने मोठे लोक आम्ही ६ लाख धरले. दरही ठरले. केबलवर ३० स्पॉट, १,२०० रुपयांना एक. एफएमवर ६० स्पॉट, ६०० रुपयांना एक. पेपरात तीन जाहिराती, ३६,००० ला एक. एकूण १,८०,०००. इथवर सगळं सुरळीत झालं.

मग कंपनीची एक्सेल शीट आली. माध्यमाच्या ओळीत रीच, फ्रिक्वेन्सी, जीआरपी, खर्च आणि सीपीएम असे रकाने. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी आमच्याच केबलचं उदाहरण देतो. एका स्पॉटचं रेटिंग ४, म्हणजे ६ लाखांपैकी ४ टक्के लोकांनी तो एक स्पॉट बघितला. ३० स्पॉटचे ३० चोक १२०, हे झाले १२० जीआरपी. हे १२० म्हणजे १२० टक्के लोक नव्हेत. त्यात तोच माणूस दोनदा, पाचदा मोजलेला आहे. प्रत्यक्षात जाहिरात एकदा तरी बघणारी माणसं ४० टक्के, हा रीच. आणि त्यांनी ती सरासरी तीनदा बघितली, ही फ्रिक्वेन्सी. चाळीस त्रिक १२०. तिन्ही माध्यमांचं असं बसलं:

| माध्यम | रीच % | फ्रिक्वेन्सी | जीआरपी | खर्च ₹ | सीपीएम ₹ |
|---|---|---|---|---|---|
| केबल | ४० | ३ | १२० | ३६,००० | ५० |
| एफएम | ३० | ३ | ९० | ३६,००० | ६७ |
| पेपर | २४ | २.५ | ६० | १,०८,००० | ३०० |

सीपीएम म्हणजे जाहिरात हजारदा नजरेस किंवा कानावर पडायचा खर्च. केबलचे १२० जीआरपी म्हणजे ६ लाखांचे १२० टक्के, अर्थात ७ लाख २० हजार वेळा बघणं. ३६,००० ला ७२० हजारांनी भागा, ५० रुपये येतात. एफएमचं ऐकणं ५ लाख ४० हजार वेळा, पेपरचं बघणं ३ लाख ६० हजार वेळा. पेपरचे रीच आणि फ्रिक्वेन्सी बघितलेत? तीनही जाहिराती एकाच पेपरात, दर वेळी २० टक्के वाचक. तीन विसे ६० जीआरपी झाले, पण वाचक बरेचसे तेच ते, म्हणून रीच ६० न होता २४ वरच थांबला.

ओळी बरोबर होत्या. घोडं अडलं ते खालच्या 'एकूण' या ओळीत. कंपनीच्या शीटमध्ये ती ओळ आपोआप भरायची आणि तिला कुलूप होतं, म्हणजे त्या चौकटीत टाइपच करता यायचं नाही. आणि ती करायची काय, तर वरचं सगळं सरसकट मिळवायची. जीआरपी १२० अधिक ९० अधिक ६०, एकूण २७०. बरोबर. खर्च १,८०,०००. बरोबर. पण रीचही मिळवून ९४, फ्रिक्वेन्सीही मिळवून ८.५ आणि सीपीएमही मिळवून ४१७! आता ९४ ला ८.५ ने गुणलं तर ७९९ येतात, आणि शेजारी जीआरपी २७०. मग जुळणार कसं? शीट त्यांची, बेरीज त्यांची, कुलूप त्यांचं आणि दुरुस्ती मी करायची!

आमच्या जाहिरात एजन्सीचा पोरगा धुळ्याचा, चांगला हुशार. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही टेन्शन नका घेऊ." त्याने कागदावर २७० ला ९४ ने भागून फ्रिक्वेन्सी २.८७ काढली आणि तेवढं मेलमध्ये लिहून पाठवलं. गुणाकार जुळला. पण चार दिवस शांततेत गेल्यावर नवा शेरा आला, 'तीन माध्यमांत सामाईक प्रेक्षक शून्य कसे?' आणि इथे, राग असला तरी मान्य करतो, प्रश्न बरोबर होता. ९४ टक्के तेव्हाच येतील, जेव्हा केबल बघणारा एकही माणूस एफएम ऐकत नाही आणि पेपरही वाचत नाही. असं गाव कुठलं?

आमच्या दुकानातले हिशेबनीस काका हे एका वाक्यात समजले. म्हणाले, "लग्नात आईची यादी, बापाची यादी आणि दुकानाची यादी. पत्रिका तिन्ही याद्यांच्या बेरजेएवढ्या छापतो का आपण? मामा तर तिन्हीत असतो." पत्रिका छापायच्या आधी जी खाडाखोड करतो, तीच रीचला करायची.

ती कशी करायची? उलट बाजूने जा. ज्यांना जाहिरात पोचली नाही ते मोजा. केबलने ६० टक्के चुकले, एफएमने ७० टक्के, पेपरने ७६ टक्के. तिन्हीतून चुकलेले म्हणजे ०.६० × ०.७० × ०.७६, बरोबर ०.३१९२. जवळपास ३२ टक्के लोकांना काहीच पोचलं नाही, म्हणून एकूण रीच ६८ टक्के, माणसांत ४ लाख ८ हजार. फ्रिक्वेन्सी २७० भागिले ६८, म्हणजे ३.९७. सीपीएम १,८०,००० भागिले १,६२०, म्हणजे १११ रुपये. शीट दाखवत होती ४१७.

या गुणाकारात एक गृहीत आहे, ते सांगितलं पाहिजे. एक माध्यम बघण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असं तो धरून चालतो. खरं तर पेपर घेणाऱ्या घरात केबलही असायचीच शक्यता जास्त. म्हणजे सामाईक माणसं जास्त आणि खरा रीच ६८ पेक्षा थोडा कमीच. मी तसं टिपेत लिहिलं. लिहिलं ते बरं झालं, पुढे त्याच टिपेने वाचवलं.

कारण पुढचा शेरा वाचून मी खुर्चीतून उठलोच. '६८ × ३.९७ = २६९.९६. जीआरपी २७०. जुळत नाही.' ०.०४ साठी माझी फाइल परत! इकडे मार्च संपत आलेला, समोरच्या दुकानाची जाहिरात एफएमवर सुरू झालेली, आणि मी दशांश चिन्हाच्या मागे लागलेलो. शेवटी मेल बंद केले. कंपनीचा माल पोचवणाऱ्या वितरकाकडून त्या खात्यातल्या एका बाईंचा थेट नंबर मिळवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, टीप वाचली आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर आहे. ती ओळ एकाच माध्यमाच्या प्लॅनसाठी बनवलेली." एकच ओळ असेल तर बेरजेत बिघडणार काय? दुसरं माध्यम आलं की बिघडतं. त्यांनी कुलूप काढलेली शीट पाठवली आणि संध्याकाळी मंजुरी आली. हाच फोन पहिल्या शेऱ्यानंतर करता आला असता, जर शेऱ्याखाली नंबर असता.

रेटिंग कुठून आणलं, हेही त्यांनी विचारलं होतं. टीव्हीचे प्रेक्षक मोजायला बार्क या संस्थेचे मीटर असतात, पण आपल्या लोकल केबलला त्याचा उपयोग नाही. एफएमचं मोजमाप व्हायचं तेही चार महानगरांपुरतं, आणि पेपरच्या वाचकांचा आयआरएस सर्व्हे हाती होता तो २०१९ चा. म्हणून एजन्सीने बसस्टँड, बाजार आणि कॉलन्यांत मिळून २०० जणांना विचारलं. फक्त दुकानात येणाऱ्यांना विचारू नका, ते आधीच तुमचे असतात. २०० जणांत ४० टक्के आले, तर खरा आकडा ३३ ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे ०.०४ वरून भांडणं किती हास्यास्पद होतं, ते समजून घ्या.

मंजुरीनंतर बाईंनीच एक सल्ला दिला. पेपरचा सीपीएम ३००, केबलचा ५०, मग पेपरचा सगळा पैसा केबलवर का नाही? मी हिशेब करून बघितला. १,०८,००० मध्ये केबलचे आणखी ९० स्पॉट येतात. केबलचे जीआरपी ४८०, एफएम धरून ५७०. आकडा दुपटीहून मोठा! पण स्पॉट वाढले म्हणून चॅनेल बघणारी माणसं वाढत नाहीत. केबलचा रीच फार तर ४० चा ४८ धरला, तरी एकूण रीच येतो ०.५२ × ०.७० वरून ६३.६ टक्के. म्हणजे पेपर काढल्याने माणसं घटली आणि उरलेल्यांनी तोच कूलर नऊ-नऊ वेळा बघितला. सीपीएम झाला ५३, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि प्लॅन झाला वाईट. म्हणून सीपीएमबरोबर दुसरा भागाकारही करा, तो म्हणजे प्रत्यक्ष पोचलेल्या हजार माणसांमागचा खर्च. आमच्या मंजूर प्लॅनचा तो ४४१ रुपये होता, पेपर काढून केबल वाढवलेल्या प्लॅनचा ४७२.

पेपर ठेवला. जाहिरात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागली, पंधरा दिवस उशिरा.

आणि हो, पैसे मागताना बिल पुरत नाही. पेपरची व्हाउचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापलेल्या अंकाची प्रत, आणि केबल व एफएमकडून कुठल्या तारखेला किती वाजता स्पॉट लागला याचं प्रसारण प्रमाणपत्र लागतं. एफएमवाले ते लगेच देतात. केबलवाल्याकडून मात्र बिलाचे पैसे देण्याआधी घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.